घरच्या ठेव्याची सचित्र नोंदवही

अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन अशा रायगडच्या किनाऱ्यावरील जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेल्या वस्तूंना संग्रह म्हणण्याची पद्धत नाही. देवघरातील टाक आणि चांदीची उपकरणी, माजघरातील तांब्यापितळेची घंगाळे, बंब आणि पराती, पेटाऱ्यातील शालू-पैठण्या, ओटीच्या भिंतीवरील रविवर्मा छापखान्याच्या तसबिरी, लग्नकार्यापुरते बाहेर निघणारे दागिने आणि माळ्यावर बांधून ठेवलेले मोडी कागदांचे दप्तर या सर्वांची माहिती घरातील दोन-तीन वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असते आणि बहुधा तेवढ्यावरच काम भागते. विम्याचा प्रश्न आला की मात्र हे भागणे संपते, कारण नुकसान झाल्यावर घरी येणारा सर्वेक्षक, म्हणजे विमा कंपनीने नेमलेला पण विमा नियामकाचा परवाना असलेला स्वतंत्र तपासनीस, त्या वस्तूला पहिल्यांदा भेटतो तेव्हा ती एकतर नाहीशी झालेली असते किंवा ओळखू न येण्याइतकी मोडलेली असते. त्याच्यापुढे चार प्रश्न असतात: वस्तू खरोखर होती का, ती याच घरातली आणि याच कुटुंबाची होती का, नुकसानीपूर्वी तिची अवस्था कशी होती, आणि तिची किंमत काय धरायची. छायाचित्र पहिल्या तीन प्रश्नांना कमीअधिक उत्तर देते, परंतु चौथ्याला देत नाही, आणि बहुतेक घरगुती याद्या नेमक्या याच ठिकाणी अपुऱ्या पडतात.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर होता. कौले आणि पत्रे उडाल्यावर उघड्या पडलेल्या घरांत पाऊस थेट शिरला, आणि दक्षिण रायगडच्या अनेक गावांत वीज व मोबाइल सेवा दीर्घकाळ बंद राहिली. यादीची छायाचित्रे त्याच घरातील एकाच मोबाइलमध्ये किंवा कपाटातील वहीत असतील, तर वस्तू आणि तिचा पुरावा एकाच सरीत भिजतात. म्हणून या किनाऱ्यावरील नोंदवहीची पहिली अट अशी की तिची एक पूर्ण प्रत मुंबई, पुणे किंवा अन्य ठिकाणच्या नातेवाइकाकडे आणि एक प्रत इंटरनेटवरील साठवणीत असली पाहिजे.

यादीपूर्वी पॉलिसी

यादी करायला बसण्यापूर्वी पॉलिसीचे शब्द वाचावे लागतात, कारण कोणती वस्तू कोणत्या गटात लिहायची हे घरातील खोल्यांवरून नव्हे, तर पॉलिसीतील वर्गवारीवरून ठरते. १ एप्रिल २०२१ पासून देशातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी घरांसाठी भारत गृह रक्षा या नावाची प्रमाणित पॉलिसी देण्यास सुरुवात केली. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड अशा आपत्तींपासून ती संरक्षण देते. घर आणि सामान या दोहोंचा विमा एकत्र घेतल्यास सामानाला घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आपोआप मिळते, आणि त्यासाठी वस्तूंची यादीही द्यावी लागत नाही. ही सोय चांगली आहे, परंतु तिच्यामुळेच एक मोठा गैरसमज पसरतो. हे आपोआप मिळणारे संरक्षण भांडीकुंडी, कपाटे, पंखे, टीव्ही अशा सर्वसाधारण सामानाला असते. दागिने, चांदीची भांडी, चित्रे, कलावस्तू आणि पुरातन वस्तू यांना ही पॉलिसी ‘मौल्यवान सामान’ असा वेगळा वर्ग मानते आणि त्यांचा विमा वेगळा मागून, जादा हप्ता भरून घ्यावा लागतो.

हा वेगळा विमा ‘मान्य किंमत’ या तत्त्वावर असतो. मान्य किंमत म्हणजे पॉलिसी घेतानाच विमेदार आणि कंपनी या दोघांनी स्वीकारलेली किंमत. वस्तू पूर्ण नष्ट झाल्यास तेवढीच रक्कम देय होते, आणि बाजारभाव काय होता याचा वाद नंतर घातला जात नाही. ही किंमत ठरवण्यासाठी मूल्यांकनाचे प्रमाणपत्र लागते. एकूण विमा रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल आणि एकाही वस्तूची किंमत १ लाखाच्या वर नसेल, तर प्रमाणपत्राची अट शिथिल होते. सोन्याचे आजचे भाव पाहता दोन तोळ्यांचा दागिनाही ही मर्यादा ओलांडू शकतो, त्यामुळे ‘आपल्याकडे विशेष काही नाही’ असे समजणाऱ्या घरांनाही प्रमाणपत्राची गरज पडू लागली आहे.

आणखी एक यादी पॉलिसीतच असते, ती वगळलेल्या वस्तूंची. नाणी, कागदी चलन, न जडवलेली रत्ने, सोन्याची बिस्किटे, हस्तलिखिते आणि कोणत्याही प्रकारचे दस्तऐवज यांना, पॉलिसीत स्पष्ट नोंद करून घेतली नसेल, तर संरक्षण नसते. आजोबांनी जमवलेली शिवराई नाणी, पोथ्या आणि मोडी दप्तर हे सारे या एका वाक्याने विम्याबाहेर जाते. तशीच गोष्ट हळूहळू होणाऱ्या झिजेची. दमट हवेने पैठणीची जर काळवंडणे, तसबिरीवर बुरशी चढणे, पेटाऱ्याला वाळवी लागणे हे नुकसान किनाऱ्यावर सर्वांत जास्त होते, आणि त्याचीच भरपाई मिळत नाही.

चोरीचा मुद्दा तर स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. या प्रमाणित गृहविम्यात एरवीची घरफोडी समाविष्ट नाही. विमा उतरवलेल्या आपत्तीमुळे घर उघडे पडले आणि त्यानंतरच्या सात दिवसांत चोरी झाली, तरच ती धरली जाते. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात घर बंद असण्याच्या काळाबद्दल अटी असतात. जुन्या अग्निविमा पॉलिसीतही घर सलग ३० दिवसांहून अधिक काळ वापराविना राहिल्यास संरक्षण थांबण्याचे कलम होते. गणपती आणि मे महिना वगळता वर्षभर कुलूपबंद राहणाऱ्या किनाऱ्यावरील असंख्य घरांनी हे एक कलम सर्वांत आधी शोधून वाचावे, आणि घर बंद राहणार असल्याचे कंपनीला लेखी कळवावे.

मौल्यवान वस्तू चोरीस गेली की काय होते याचे सर्वपरिचित उदाहरण याच किनाऱ्यावरचे आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी दिवेआगरच्या सुपारीच्या बागेत जमिनीखालून तांब्याच्या पेटीत गणेशाचा सोन्याचा मुखवटा मिळाला आणि पुढे तो तेथील मंदिराचे मोठे आकर्षण ठरला. २४ मार्च २०१२ रोजी मंदिराच्या दोन रखवालदारांचा खून करून दरोडेखोरांनी तो पळवला. आरोपी पकडले गेले, त्यांना शिक्षाही झाल्या, परंतु तोवर मुखवटा वितळवलेला होता. पोलिसांच्या हाती आले ते सोने, मुखवटा नव्हे. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. कुटुंबाच्या देवघरातील टाकांनाही हेच लागू आहे. चोराच्या हाती लागलेले सोने-चांदी बहुधा आटवले जाते, आणि मग धातूची किंमत परत मिळाली तरी घडणीला आधार उरतो तो फक्त छायाचित्रांचा.

एक वस्तू, सहा छायाचित्रे

चोरीस गेलेल्या कलावस्तू ओळखण्यासाठी १९९० च्या दशकात अमेरिकेतील गेटी संस्थेच्या पुढाकाराने ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचे एक मानक तयार झाले. पोलीस, सीमाशुल्क अधिकारी, संग्रहालये आणि विमा व्यवसाय या सर्वांना एकच वर्णन समजावे हा त्याचा हेतू होता, आणि आता ते आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेकडे आहे. वस्तूचा प्रकार, साहित्य व घडण, मापे, कोरलेली अक्षरे व खुणा, विशेष ओळख, विषय, काळ, घडवणारा अशा मोजक्या रकान्यांचे ते आहे. घरगुती नोंदवहीसाठी यापेक्षा अधिक शास्त्र लागत नाही. यातील सर्वांत मोलाचा रकाना ‘विशेष ओळख’ हा आहे. एकाच साच्यातील हजार वस्तूंतून आपली वस्तू वेगळी काढून दाखवणारी खूण, म्हणजे पोचा, डाग, जुना सांधा किंवा चुकीच्या जागी पडलेला छिन्नीचा घाव, तिथे लिहायची असते.

पितळेच्या समयांची एक जोडी घेतली तर काम कसे चालते ते स्पष्ट होईल. प्रथम दोन्ही समया देवघरात जिथे उभ्या असतात तिथेच, आजूबाजूच्या भिंतीसह आणि चौरंगासह, एक छायाचित्र घ्यावे, कारण वस्तू याच घरात होती हे दाखवणारा पुरावा तोच असतो. नंतर समया ओटीवर किंवा पडवीत, ऊन थेट येत नाही अशा जागी, पांढऱ्या सुती चादरीवर ठेवाव्यात आणि शेजारी पट्टी ठेवून समोरून पूर्ण छायाचित्र घ्यावे. फ्लॅश वापरू नये. पितळ आणि चांदी आरशासारखी असल्याने फ्लॅशचा पांढरा ठिपका नेमकी कोरीव नक्षी गिळून टाकतो. तिसरे छायाचित्र मागच्या बाजूचे आणि चौथे तळाचे असावे, कारण घडवणाऱ्याची खूण आणि डागडुजी बहुधा तळाशी असते. पाचवे अक्षरांचे. मराठी घरांत भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेण्याची रीत आहे, आणि देणाऱ्याचे नाव, निमित्त व कधीकधी सालही त्या ओळीत असते, त्यामुळे मालकी सिद्ध करण्यासाठी इतका सरळ पुरावा दुसरा नाही. झिजलेली अक्षरे समोरून वाचता येत नाहीत. खोलीत थोडा अंधार करून टॉर्च एका बाजूने पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरली की प्रत्येक ठिपक्याची सावली पडते आणि पुसट नावही उमटते. सहावे छायाचित्र दोषाचे: एका समईच्या वरच्या तबकडीला चीर असेल, तर तीच जवळून घ्यावी.

दोष लपवण्याकडे अनेकांचा कल असतो, कारण त्याने किंमत कमी होईल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात नोंदलेला जुना दोष विमेदाराच्याच उपयोगी पडतो. सर्वेक्षकाला नवे नुकसान आणि जुनी झीज यांत फरक करावा लागतो. जुन्या चिरेचे दिनांकित छायाचित्र असेल तर उरलेली मोडतोड आपत्तीचीच आहे हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि ते नसेल तर सगळीच मोडतोड जुनी ठरण्याचा धोका राहतो. याच कारणासाठी छायाचित्रापूर्वी वस्तू चिंचेने किंवा पावडरीने घासून लख्ख करू नये. जुन्या पितळेवर आलेली गडद झाक हा तिच्या वयाचा पुरावा असतो, जाणकार खरेदीदार तिच्यासाठी पैसे मोजतो, आणि एकदा घासल्यावर ती परत येत नाही.

जोडी एकत्र नोंदवली तरी प्रत्येक समईला स्वतंत्र क्रमांक, उंची आणि वजन द्यावे. अनेक पॉलिसींत जोडी किंवा संच यांविषयी कलम असते आणि त्यानुसार एक नग नष्ट झाला तर संपूर्ण जोडीची नव्हे, तर त्या नगाच्या वाट्याची रक्कम मिळते. उरलेल्या एकट्या समईला बाजारात जोडीच्या निम्मीही किंमत येत नाही, हे नुकसान विमेदाराच्या पदरी राहते. पॉलिसी घेतानाच त्याविषयी विचारणा करून उत्तर लेखी घ्यावे. क्रमांक वस्तूवर चिकटपट्टीने लावू नये, सुती फितीला कागदी चिठ्ठी बांधावी. छायाचित्राच्या फाइलला तोच क्रमांक द्यावा, जसे `DEV-07A-5.jpg`, ज्यात देवघरातील सातवी नोंद, जोडीतील पहिला नग आणि पाचवे छायाचित्र एवढा अर्थ सामावतो. फाइल नातेवाइकाला व्हॉट्सॲपवर साध्या फोटोच्या रूपात पाठवल्यास ती लहान होते आणि तिच्यातील दिनांकाची माहिती गळून पडते. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर मूळ स्वरूपात पोचते.

इतर वस्तूंच्या बाबतीत एखाददुसरी गोष्टच वेगळी करावी लागते. पैठणी पूर्ण उलगडून एक, पदराचे एक आणि काठाच्या उलट बाजूचे एक छायाचित्र लागते, कारण हातमागाची वीण मागूनच ओळखू येते. तसबिरीची काच चमकत असेल तर सरळ छायाचित्रासोबत किंचित तिरके आणखी एक घ्यावे, खालच्या कडेवरील छापखान्याची ओळ वाचता येईल इतकी जवळून टिपावी आणि चौकटीची मागची बाजूही घ्यावी. दमटपणामुळे चित्र काचेला चिकटले असेल तर ते सोडवण्याचा प्रयत्न घरी मुळीच करू नये. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याची चित्रे नंतरही अनेक दशके पुन्हापुन्हा छापली गेली, त्यामुळे लक्ष्मी तीच असूनही सुरुवातीची प्रत आणि नंतरचे पुनर्मुद्रण यांच्या किमतींत मोठे अंतर असते, आणि ते अंतर त्या कडेवरच्या ओळीवरून व कागदावरूनच कळते. अशी कडा चौकटीत बसवताना कापून टाकलेली असेल, तर तेही नोंदवावे.

शंभर वर्षांहून जुनी धातूची किंवा दगडाची मूर्ती, जुने चित्र किंवा सचित्र पोथी घरात असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली तिची नोंदणी करावी लागते. अर्जासोबत छायाचित्रे द्यावी लागतात आणि नोंदणीचे प्रमाणपत्र मिळते. विमा कंपनीपुढे त्या प्रमाणपत्राइतका वजनदार मालकीचा कागद क्वचितच असतो.

वजन, तोळा आणि प्रमाणपत्र

दागिन्यांच्या नोंदीत छायाचित्रापेक्षा वजनाची चूक अधिक महागात पडते. जुन्या याद्या आणि याद्यांवरून चालत आलेली घरातील बोलणी तोळ्यांत असतात. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता आणि आज सराफीत तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम धरतात. पणजीच्या हातच्या यादीतील १२ तोळे म्हणजे १४० ग्रॅम. तेच आजच्या हिशेबाने लिहिले तर १२० होतात आणि २० ग्रॅम सोने कागदावरच नाहीसे होते. म्हणून जुनी यादी जशीच्या तशी जपावी, पण नव्या नोंदवहीत प्रत्येक दागिना पुन्हा तोलून ग्रॅममध्येच लिहावा.

तोलतानाही दोन वजने लागतात. बोरमाळेचे मणी बहुधा पातळ सोन्याच्या पत्र्याचे असतात आणि त्यांच्या आत लाख भरलेली असते. तन्मणी आणि नथ यांत मोती आणि खडे असतात. काट्यावर येते ते ढोबळ वजन, आणि लाख, दोरा, खडे वजा करून उरते ते निव्वळ सोन्याचे. प्रमाणपत्रात दोन्ही लिहिलेली नसतील तर ते अपुरे आहे असे समजावे. वडिलोपार्जित दागिन्यांवर हॉलमार्क नसतो, कारण सोन्याच्या दागिन्यांवरील सक्तीचे हॉलमार्किंग २०२१ च्या जूनपासून सुरू झाले आणि प्रत्येक दागिन्याचा सहा अक्षरी विशिष्ट क्रमांक विक्रीसाठी अनिवार्य झाला तो १ एप्रिल २०२३ पासून. त्यामुळे जुन्या सोन्याचा कस तपासून घेऊन तो लिहून ठेवावा लागतो.

हे काम ओळखीच्या सराफाकडून मिळालेल्या साध्या चिठ्ठीवर भागवू नये. आयकर खात्याकडे नोंदणी झालेले मूल्यनिर्धारक असतात आणि त्यांत दागिने व कलावस्तू हे स्वतंत्र वर्ग आहेत. दागिन्यांचा तज्ज्ञ रविवर्मा चित्राची किंमत सांगू शकेलच असे नाही, म्हणून दोन वेगळ्या व्यक्तींकडे जावे लागले तरी जावे. मूल्यनिर्धारकाला ‘विम्यासाठी’ असे स्पष्ट सांगणे आवश्यक असते. वाटणीसाठी किंवा विक्रीसाठी काढलेली किंमत म्हणजे आज विकले तर हाती काय येईल ती. विम्याला हवी असते ती तशीच वस्तू पुन्हा मिळवायला लागणारी किंमत, ज्यात सोन्याबरोबर घडणावळ आणि करही येतो. पितळेच्या घंगाळाच्या बाबतीत तर हे दोन आकडे दोन टोकांचे असतात: मोडीत किलोच्या भावाने जाणारे भांडे जुन्या वस्तूंच्या दुकानातून परत घ्यायचे झाले तर कितीतरी पट मोजावे लागतात.

किंमत शिळी कधी होते

मान्य किमतीचा फायदा असा की वाद होत नाही, आणि तोटाही हाच, कारण भाव चढला तरी मान्य केलेला आकडा जागचा हलत नाही. जून २०२० मध्ये शुद्ध सोन्याचा भाव १० ग्रॅमला सुमारे ४७ हजार रुपये होता, तर एप्रिल २०२५ मध्ये त्याने १ लाखाला स्पर्श केला. एका कुटुंबाकडे २२ कॅरेटचे निव्वळ १५० ग्रॅमचे दागिने आहेत आणि त्यांनी २०२० च्या भावाने, घडणावळ सोडून, ६ लाख ४५ हजारांची मान्य किंमत घेतली असे धरू. पाच वर्षे पॉलिसी नुसती नूतनीकृत होत राहिली आणि मग दागिने नष्ट झाले, तर ६ लाख ४५ हजारच मिळतील. नव्या भावाने तेवढ्यात सुमारे ७० ग्रॅम सोने येते. अर्ध्याहून अधिक ठेवा विमा असूनही गेला.

घरफोडीच्या पॉलिसीत मान्य किंमत नसेल आणि न्यूनविम्याचे कलम असेल, तर अंशतः नुकसानीतही फटका बसतो. न्यूनविमा म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा. अशा वेळी जितक्या प्रमाणात विमा अपुरा, तितक्याच प्रमाणात दाव्याची रक्कम कापली जाते. वरील कुटुंबाचे ५० ग्रॅम दागिने चोरीस गेले आणि एप्रिल २०२५ च्या भावाने त्यांची किंमत ४ लाख ५८ हजार असली, तरी एकूण १३ लाख ७५ हजारांच्या सोन्याला विमा ६ लाख ४५ हजारांचाच असल्याने हाती येतील सुमारे २ लाख १५ हजार. चोरी विमा रकमेच्या आतच होती, या समजुतीचा तिथे काही उपयोग होत नाही.

यावरचा उपाय म्हणजे सर्व वस्तूंचे मूल्यांकन दरवर्षी नव्याने करणे नव्हे. ते खर्चिक आहे आणि अनावश्यकही. सोने-चांदी यांची किंमत वजन, कस आणि भाव यांच्या गुणाकाराने निघते, आणि त्यांतले पहिले दोन बदलत नाहीत. एकदा नीट प्रमाणपत्र घेतले की दरवर्षी नूतनीकरणाच्या महिनाभर आधी नवा भाव घालून आकडा काढावा, आणि कंपनीला तो कळवून मान्य किंमत वाढवून मागावी. वर्षाच्या मध्येच भाव पाचव्या हिश्शाने चढला, तर नूतनीकरणाची वाट न पाहता पॉलिसीत दुरुस्ती करून घ्यावी. थोडा जादा हप्ता भरून ती होते. कलावस्तू, जुन्या तसबिरी, हातमागाच्या पैठण्या यांचे भाव असे रोज छापून येत नाहीत, पण ते उड्या मारून बदलतात, म्हणून त्यांचे मूल्यांकन साधारण तीन ते पाच वर्षांनी जाणकाराकडून करून घेणे पुरते. तांब्यापितळेच्या सर्वसाधारण भांड्यांसाठी त्याहूनही कमी वेळा केले तरी चालते.

काही प्रसंग मात्र असे असतात की तेव्हा काळाचा हिशेब न पाहता त्या एका वस्तूची नोंद तत्काळ बदलावी लागते. दागिना मोडून नवा घडवला, पैठणीचा ड्रेस शिवला, चित्राची दुरुस्ती झाली, मूर्तीला नवा मुलामा दिला, वस्तू लेकीला लग्नात दिली किंवा वाटणीत दुसऱ्या घरी गेली, की जुनी नोंद खोटी ठरते. वाटणीचा मुद्दा तर किनाऱ्यावरच्या सामाईक घरांत फार नाजूक असतो. विमा त्याच वस्तूचा उतरवता येतो जिच्या नुकसानीने विमेदाराचे आर्थिक नुकसान होते. पॉलिसी गावच्या घरात राहणाऱ्या थोरल्या भावाच्या नावावर आणि वस्तू चौघा भावंडांची, तर कंपनीला हे आधी सांगावे आणि प्रत्येक नोंदीपुढे मालकाचे नाव लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. गणपतीत सगळे जमलेले असतात, तेव्हा हे काम सर्वांत सोपे जाते.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये हलवले तर प्रश्न सुटला असे वाटते, पण तो केवळ बदलतो. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीइतकी असते. भाडे २ हजार असेल तर २ लाख. पूर किंवा वादळासारख्या नैसर्गिक आपत्तीत तर बँक जबाबदार राहत नाही. लॉकरमध्ये काय आहे याची नोंदही बँकेकडे नसते, म्हणून तिथे ठेवण्यापूर्वीची छायाचित्रे आणि वजने यांवरच सर्व भिस्त असते. गृहविम्याचे संरक्षण घराच्या पत्त्यापुरते आहे की लॉकरलाही लागू होते, हेही विचारून घ्यावे.

आपत्तीनंतर पहिल्या दिवशी करायची गोष्ट म्हणजे काहीही टाकून न देणे. भिजलेली तसबीर, चेपलेले घंगाळ, फुटलेली हंडी आहे त्या जागी आणि नोंदवहीतल्याच कोनातून पुन्हा छायाचित्रित करावी, म्हणजे आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवता येते. कंपनीला लगेच कळवावे, चोरी असेल तर पोलिसांत फिर्याद द्यावी, वादळ किंवा पूर असेल तर तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. सरकारी मदतीसाठी झालेला पंचनामा विम्याच्या दाव्यालाही आधार देतो. जुनी प्रमाणपत्रेही जपून ठेवावीत, कारण एकाच वस्तूची २०१५ ची, २०२० ची आणि २०२५ ची नोंद एकत्र पाहिली की तिच्या अस्तित्वाविषयी सर्वेक्षकाला शंका उरत नाही.

राहिले ते मोडी दप्तर, पोथ्या आणि नाणी, ज्यांना पॉलिसीने दाराबाहेर ठेवले. नाण्यांची व पोथ्यांची स्पष्ट नोंद करून विमा मिळतो का हे विचारावे, पण उत्तर नकारार्थी आले तरी त्यांची छायाचित्रे वगळू नयेत. चांदीचे ताम्हन गेले तर रक्कम मिळते आणि दुसरे घेता येते. इनामाचा कागद किंवा शंभर वर्षांपूर्वीचे जमाखर्चाचे पान भिजून गेले, तर त्यावरील मजकूर परत मिळवून देणारे काही असेल तर ते केवळ त्याचे स्पष्ट, दोन्ही बाजूंचे छायाचित्र. त्यामुळे वेळ थोडा आणि काम फार असेल, तेव्हा नोंदवहीची सुरुवात सोन्यापासून न करता दप्तरापासून करावी, आणि पावसाळा लागण्यापूर्वी करावी.